सर्दी नाकात आहे की छातीत?

पावसाळा ओसरता ओसरता, गणपतीच्या आसपास, नाशिकमध्ये घरोघरी कुणाचं ना कुणाचं नाक वाहत असतं. समजा, सिडकोतल्या एका घरात चार वर्षांचा मुलगा बालवाडीतून सर्दी घेऊन आला. दोन दिवस शिंका, थोडी कणकण, आणि मग तो खेळायलाही लागला. पाच दिवसांनी त्याच्या तीन महिन्यांच्या बहिणीचं नाक गळू लागलं. विषाणू तोच, रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजे आरएसव्ही. दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्याच मुलांना त्याची लागण होते आणि बहुतेकांचं सर्दीवरच भागतं.

पहिले दोन-तीन दिवस बहिणीची सर्दी भावासारखीच दिसते. साधी सर्दी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उताराला लागते. इथे नेमकं तेव्हाच दुखणं वाढतं. खोकला सुरू होतो, श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, आणि बाळ चार घोट पिऊन दूध सोडतं, कारण चोखणं आणि श्वास घेणं दोन्ही एकदम जमत नाही. साधारण तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात जड जातो.

विषाणू तोपर्यंत नाकातून खाली उतरून फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्यांत पोहोचलेला असतो. या नळ्या दोन मिलिमीटरहूनही अरुंद असतात, तान्ह्या बाळात तर आणखीच. आतल्या अस्तराच्या पेशी मरून गळतात, चिकट स्रावात मिसळतात आणि त्यांची बुचं तयार होतात. शिवाय नळीची भिंत सुजते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होतो. म्हणून जी सूज मोठ्या माणसाला फारशी जाणवतही नाही, ती तीन महिन्यांच्या बाळाला दमवून टाकते. श्वास सोडताना नळ्या आणखी आवळतात, हवा आत अडकते, आणि पुढचा श्वास आधीच फुगलेल्या फुफ्फुसात ओढावा लागतो. यालाच ब्रॉन्किओलायटिस म्हणतात.

घरी हे ओळखायचं कसं? एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे नुसतं नाक चोंदलं तरी घरघर ऐकू येते आणि आई घाबरते. आधी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनचे, थेंब घालून नाक मोकळं करावं. मग बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मधेच संथ, मधेच भरभर होत असतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. नाक साफ केल्यावर श्वास निवला, तर त्रास बहुधा नाकातलाच. आपल्या या मुलीचे मात्र नंतरही ६४ भरले आणि दर श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. अशा बाळाला सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पिणं, बराच वेळ लघवी न होणं, कण्हणं, ओठ निळसर दिसणं, ही कारणंही तितकीच पुरेशी आहेत. तापावर विसंबू नये, तो कमी असूनही श्वास बिघडलेला असू शकतो. दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर खोकला फारसा नसतानाच श्वास मधेच थांबू शकतो.

डॉक्टर मुख्यतः छाती ऐकून आणि बाळाकडे बघूनच निदान करतात. मुलीच्या बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन ८८ टक्के दिसला, म्हणून तिला दाखल करून ऑक्सिजन लावला आणि नळीने थोडं थोडं दूध दिलं. विषाणूला शरीरच हटवतं, तोवर बाळाला सांभाळून न्यायचं असतं. इथे नातेवाइकांची एक तक्रार हमखास येते, की ‘काही औषधच दिलं नाही’. पण दम्यात नळीचे स्नायू आवळतात, ते सैल करायला वाफाऱ्याच्या यंत्रातलं औषध उपयोगी पडतं. इथे अडथळा मुख्यतः सूज आणि बुचांचा आहे, म्हणून त्याचा सहसा फायदा होत नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. स्टेरॉइडनेही फरक पडत नाही. आणि कळकळीने सांगते, अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी या दिवसांत तरी बंद ठेवा. सुजलेल्या नळ्यांना धूर सोसत नाही.

बहुतेक बाळं काही दिवसांत घरी जातात. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. बाळ नीट पीत असेल आणि श्वास शांत असेल, तर तेवढ्या खोकल्यासाठी औषधाची बाटली आणू नये.

हा विषाणू खेळण्यांवर, दाराच्या कडीवर काही तास टिकतो, त्यामुळे सर्दी झालेल्या भावाने साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावू नये आणि पापे तर घेऊच नयेत. बारशाला जमलेल्या पाहुण्यांनाही हाच नियम. गरोदरपणात आईला द्यायची लस आणि बाळाला द्यायचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दोन्ही २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा हृदयविकार असलेलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना याबद्दल आवर्जून विचारावं. एकदा होऊन गेल्याने आरएसव्हीपासून कायमचं संरक्षण मिळत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा येऊ शकतो, पण तोवर नळ्या रुंदावलेल्या असतात आणि शरीराला त्याची थोडी ओळख झालेली असते, म्हणून दुसऱ्या खेपेला तो बहुधा सर्दीवरच थांबतो.