लोकांच्या नजरेतला कलंक आणि स्वतःच्या मनातला कलंक

परदेशात राहणाऱ्या स्थलांतरितांच्या मानसिक आजारांवर प्रबंध लिहिताना पूर्वसाहित्याच्या प्रकरणात ‘कलंकामुळे लोक मदत घेत नाहीत’ हे वाक्य हमखास येतं. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे लोक आपल्याला कमी लेखतील ही धास्ती, म्हणजे जाणवलेला कलंक. दुसरी म्हणजे उपचार घेणाऱ्याला आपण स्वतःच कमी लेखणं, म्हणजे वैयक्तिक कलंक. (हीच नजर स्वतःकडे वळली की आत्मकलंक होतो. तोही वेगळा मोजतात.)

आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या 13 विद्यापीठांतल्या 5,555 विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका प्रश्नसंचात ‘बहुतेक लोक’ उपचार घेतलेल्या माणसाकडे कसं पाहतात हे विचारलं होतं, दुसऱ्यात ‘बहुतेक लोक’च्या जागी ‘मी’ घातलं होतं. जाणवलेला कलंक वैयक्तिक कलंकापेक्षा बराच जास्त निघाला. पण मदत न घेण्याशी संबंध दिसला तो वैयक्तिक कलंकाचा. जाणवलेल्या कलंकाचा ठळक संबंध सापडला नाही. शिवाय वैयक्तिक कलंक परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये इतरांपेक्षा अधिक होता.

म्हणजे ‘लोक काय म्हणतील’ याला महत्त्वच नाही? इतक्या घाईनं तसं लिहू नये. हा एकाच वेळी केलेला पाहणी-अभ्यास आहे, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही. त्याहून मोठी अडचण ‘बहुतेक लोक’ या शब्दांत आहे. न्यू जर्सीत शिकणाऱ्या मराठी मुलीनं हे वाचलं, तर तिच्या डोळ्यांसमोर कोण येईल? वर्गातली अमेरिकन मुलं, तिथलं मराठी मंडळ, की पुण्यातले काका-काकू? स्थलांतरिताचे ‘लोक’ दोन देशांत विभागलेले असतात आणि प्रश्नावलीला ते कळत नाही.

गिल्बर्ट आणि संघेरा यांनी इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या दक्षिण आशियाई स्त्रियांशी गटचर्चा केल्या, त्या 2004 मध्ये प्रसिद्ध झाल्या. तिथे नेमके हे ‘लोक’ समोर आले. घराण्याची इज्जत जाईल, सांगितलेली गोष्ट बिरादरीत फुटेल, ही धास्ती त्या बायकांनी बोलून दाखवली. आजाराबद्दल स्वतःच्या मनात तिरस्कार नसलेली बाईदेखील अशा भीतीनं दवाखान्याची पायरी चढणार नाही. गटचर्चेतून हे प्रमाणात मांडता येत नाही, पण ही भीती मदतीच्या आड कशी येते ते स्पष्ट दिसतं.

म्हणून दोन शोधनिबंध परस्परविरोधी वाटले, तर निष्कर्ष बाजूला ठेवून आधी त्यांचे प्रश्न वाचावेत. वाक्याचा कर्ता ‘लोक’ आहे की ‘मी’, आणि लोक असतील तर कुठले, एवढं पाहिलं की पुष्कळदा विरोध उरत नाही, कारण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. शिफारशींचा भागही त्यावरच ठरतो. जिथे बातमी फुटण्याची भीती आहे, तिथे दुभाषा ओळखीच्या वर्तुळाबाहेरचा हवा आणि गुप्ततेची हमी पहिल्याच भेटीत द्यायला हवी. मनातल्याच कलंकावर त्या हमीचा फारसा उपयोग होत नाही.