विलंबनोंदींवरून रेट्रोस्पेक्टिव्हचे अ‍ॅक्शन आयटम

स्प्रिंट संपल्यावर टीम कामाच्या पद्धतीकडे मागे वळून पाहते, त्या बैठकीला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात. जिरासारख्या ट्रॅकरमध्ये प्रत्येक तिकिटाची स्थिती कधी बदलली याची नोंद आपोआप राहते. या नोंदींतून पुन्हापुन्हा होणारा विलंब शोधायचा आणि त्यावर नेमके काम ठरवायचे, ही पद्धत येथे दिली आहे. रिव्ह्यूत अडकलेली तिकिटे हे तिचे सर्वांत उपयोगी क्षेत्र आहे, कारण तिथे काम कोणीच करत नसते, ते नुसते थांबलेले असते.

उदाहरणादाखल इंदूरच्या विजयनगर भागातील एखादी टीम घेऊ. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, आणि मागच्या सहा स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेली ४० तिकिटे. ती अशी काढता येतात :

```
project = PAY AND status = Done
AND status CHANGED TO "Done" AFTER -12w
```

मग प्रत्येक तिकिटाच्या इतिहासातून ते `In Review` मध्ये किती वेळ राहिले ते मोजावे. तिकीट दोनदा रिव्ह्यूत गेले असेल तर दोन्ही वेळांची बेरीज करावी. मोजताना कामाचेच तास धरावेत. गुरुवारी संध्याकाळी टाकलेले तिकीट सोमवारी सकाळी पाहिले गेले, तर सरळ वजाबाकीत साडेतीन दिवस दिसतात. प्रत्यक्षात मध्ये कामाचा एकच दिवस, शुक्रवार, गेलेला असतो. स्थानिक सुट्ट्याही वगळाव्या लागतात. रंगपंचमीला इंदुरात गेर निघते आणि शहरात सुट्टी असते, पण पुण्याहून काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या कॅलेंडरवर ती नसू शकते.

आकडेमोडीआधी नोंदी खऱ्या आहेत का, हेही तपासावे. पाच-दहा तिकिटांच्या स्थिती रोज स्टँडअपच्या आधी काही मिनिटांत एकदम बदललेल्या दिसल्या, तर लोक काम झाल्यावर लगेच कार्ड हलवत नाहीत असे समजावे. अशा नोंदींतून तासांचे निष्कर्ष काढू नयेत. दिवसांचे काढता येतात.

आता समजा, ४० पैकी १० तिकिटे रिव्ह्यूत तीनपेक्षा जास्त कामाचे दिवस राहिली आणि त्यांतील ८ पेमेंट मॉड्यूलची निघाली. एवढ्यावर थांबू नये, कारण मुळात बहुतेक काम पेमेंटचेच असू शकते. म्हणून छेद पाहावा : पेमेंटची एकूण तिकिटे ११, त्यांत अडकलेली ८, बाकीची २९, त्यांत अडकलेली २. फरक आता स्पष्ट आहे. हीच विभागणी व्यक्तीनुसार करण्याचा मोह टाळावा. रिव्ह्यूच्या काळात तिकिटावर बहुधा कोड लिहिणाऱ्याचेच नाव असते, त्यामुळे वाट पाहणाराच दोषी दिसतो.

यानंतर ती ८ तिकिटे आणि त्यांच्या पुल रिक्वेस्ट एकेक उघडून वाचाव्यात. हा भाग कोणताही तक्ता करून देत नाही. पुल रिक्वेस्ट उघडल्यापासून पहिली टिप्पणी येईपर्यंत किती वेळ गेला आणि त्यानंतर दुरुस्त्यांत किती, हे वेगळे करावे. पहिला वेळ मोठा असेल तर पाहणारा उपलब्ध नाही. दुसरा मोठा असेल तर बदल फार मोठे आहेत किंवा अपेक्षा आधी ठरलेल्या नाहीत. या उदाहरणात ७ तिकिटे पहिल्या टिप्पणीचीच वाट पाहत होती, आणि पेमेंटचा कोड मंजूर करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे होता.

बैठकीत ‘रिव्ह्यू लवकर करू या’ असे लिहिले, तर सोमवारी कोणी काय वेगळे करायचे ते कळत नाही. उपयोगी अ‍ॅक्शन आयटम असा असतो : पेमेंटसाठी दुसरी मंजूर करणारी व्यक्ती तयार करणे, पहिले तीन रिव्ह्यू दोघांनी एकत्र बसून करणे, मग गिटहबच्या `CODEOWNERS` फाइलमध्ये तिचे नाव त्याच ओळीत जोडणे.

```
/payments/  @owner-a @owner-b
```

एका ओळीत दोन नावे असली की त्यांपैकी कोणा एकाची मंजुरी पुरते. दुसरे नाव वेगळ्या ओळीवर, तोच मार्ग पुन्हा लिहून टाकले तर शेवटची ओळच लागू होते आणि पहिली व्यक्ती यादीतून गळते. या कामाला एक जबाबदार नाव, एक तारीख आणि ट्रॅकरमध्ये स्वतःचे तिकीट हवे, आणि ते पुढच्या स्प्रिंटच्या नियोजनात इतर कामांबरोबर धरावे. नुसत्या बैठकीच्या टिपणात राहिलेले आयटम बहुधा तिथेच राहतात.

परिणाम मोजताना स्प्रिंटपेक्षा तिकिटे मोजावीत. सहा स्प्रिंटमध्ये ११ म्हणजे एका स्प्रिंटला पेमेंटची जेमतेम दोनच तिकिटे येतात. दोन तिकिटांवरून सुधारणा झाली की योगायोग, हे सांगता येत नाही. म्हणून ‘पुढील ६ पेमेंट तिकिटांपैकी किमान ५ ना एका कामाच्या दिवसात पहिली टिप्पणी’ अशी कसोटी आधीच लिहून ठेवावी. दुसऱ्या व्यक्तीची स्वतःची तिकिटे त्याच काळात रेंगाळू लागली का, तेही पाहावे. कसोटी पूर्ण झाली नाही तर तोच आयटम पुढच्या बैठकीत तसाच ओढत नेऊ नये. तो बंद करून ती सहा तिकिटे पुन्हा वाचावीत : वाट आता पहिल्या टिप्पणीची नसून टेस्ट सर्व्हरची असू शकते, आणि त्यासाठी आयटम वेगळा लागतो.