सभेच्या टिपणांवरून इतिवृत्ताचा मसुदा: समितीकडून परत येऊ नये म्हणून काय पाहावं

सप्टेंबर संपता संपता रत्नागिरी, चिपळूण, खेड या पट्ट्यातल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये एकच धांदल असते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, गणपतीला आलेली चाकरमानी मंडळी परत गेलेली असतात, आणि सभा झाली की वहीतल्या चार-सहा ओळींच्या टिपणांवरून इतिवृत्त लिहायचं काम कोणाच्या तरी गळ्यात पडतं. टिपणं तोडक्या मुद्द्यांची असतात आणि समितीला हवा असतो सलग परिच्छेदांचा मसुदा. तो लिहून दिला की बऱ्याचदा परत येतो. का परत येतो, ते इथे सांगतो.

आधी पात्रतेचं. इतिवृत्त ही सचिवाची जबाबदारी आहे. मसुदा कोणीही लिहून द्यावा, पण त्यावर सही सचिव आणि अध्यक्ष यांचीच. लिहायला बसण्याआधी चार कागद समोर हवेत: सभेची सूचना विषयपत्रिकेसह, सह्यांचं हजेरीपत्रक, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि सभेपुढे ठेवलेली दरपत्रकं किंवा पत्रं. पहिला आणि शेवटचा कागद मिळतो. हजेरीपत्रक मात्र हमखास हरवलेलं असतं, किंवा त्यावर नावं असतात आणि सह्या नसतात. त्याशिवाय पुढे जाऊ नका. किती सभासद हजर होते हे आठवणीवर लिहिलं, तर गणपूर्तीचं वाक्यच डळमळीत होतं आणि त्यानंतरच्या प्रत्येक ठरावावर बोट ठेवता येतं.

आता एक नमुना घेऊ. बत्तीस सदनिकांची संस्था, सभा रविवार, १४ सप्टेंबर २०२५, वेळ सकाळी दहाची. चौथ्या विषयाची टिपणं अशी:

– १० ला १४ जण, १०.३० ला २१, सुरू
– गळती, तिसरा मजला, दोन पावसाळे
– गच्चीवर पत्रा शेड, ३ कोटेशन, कमी ६.४०
– बी-४ भडकले, खर्च जास्त, आधी केमिकल करा
– नगर परिषद परवानगी?
– प्रत्येकी २०, दिवाळीआधी
– २३ हो (५ मुंबईवाले फोनवर), ३ नाही
– ए-७, सी-२

सगळ्यात जास्त मसुदे सातव्या ओळीपाशी अडकतात. आपल्याकडे निम्मी घरं कुलूपबंद असतात, मालक बोरिवलीला नाहीतर डोंबिवलीला. सभा चालू असताना कोणीतरी फोन लावतं, पलीकडून "आमचं हो धरा" असं येतं, आणि टिपण घेणारा ते मोजतो. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने स्वतः हजर राहून मत द्यायचं असतं. प्रतिनिधी, मुखत्यारपत्रधारक किंवा अधिकारपत्र घेऊन आलेला माणूस यांना सर्वसाधारण सभेत बसता येत नाही, मत तर दूरच. नुसत्या फोनवरच्या होकाराचंही तेच. म्हणून मसुद्यात बाजूने १८ लिहायचं, २३ नाही. ते पाच फोन मतांच्या आकड्यात आणि हजेरीतही येत नाहीत. सभागृहात २१ जण होते आणि १८ अधिक ३ बरोबर २१ होतात, म्हणजे हिशेब जुळला. मतांची बेरीज हजेरीपेक्षा जास्त दिसली की समजावं, कुठेतरी फोन मोजलेत.

इथे १८ मतांनीही ठराव मंजूरच होतो, त्यामुळे आकडा प्रामाणिक ठेवण्यात संस्थेचं काही बिघडत नाही. तरीही लोक २३ ठेवायचा आग्रह धरतात, "मुंबईवाल्यांना वाईट वाटेल" म्हणून. पुढे विरोधातला एखादा सभासद उपनिबंधकांकडे गेला, तर तो पहिलं बोट याच आकड्यावर ठेवेल.

गणपूर्तीचंही पहिल्या ओळीवरून नीट लिहा. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती. बत्तीसचे दोन तृतीयांश बावीस होतात, म्हणजे इथे वीस पुरतात. दहा वाजता चौदाच जण असल्याने सभा तेव्हा सुरू झालीच नव्हती, ती साडेदहाला झाली. मसुद्यात "सकाळी १० वाजता सभा सुरू झाली" असं सवयीने लिहिलं जातं आणि हजेरीपत्रकावरच्या वेळांशी ते भांडतं. अर्ध्या तासातही गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि त्याच दिवशी नंतरच्या वेळेला तहकूब सभा घ्यायची असेल तर तसं मूळ सूचनेत लिहिलेलं असावं लागतं. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण ती तहकूब सभा होती हे वाक्य इतिवृत्तात असायला हवं.

दुसरी अडचण जोडशब्दांची. मुद्दे सुटे असतात, परिच्छेदात ते सांधावे लागतात, आणि सांधताना "त्यामुळे", "म्हणून", "अखेर सर्वांना पटल्याने" असे शब्द आपोआप येतात. टिपणात बी-४ चा विरोध आहे आणि पुढे निर्णय आहे, पण त्यांची समजूत पटली असं कुठेही नाही. त्या तीन विरोधी मतांतलं एक त्यांचंच असेल. दोन मुद्द्यांत टिपणकर्त्याने कारण लिहिलेलं नसेल, तर "त्यानंतर" किंवा "या विषयावर" असा साधा सांधा वापरा. तसंच प्रश्नचिन्हाच्या ओळीचं. "परवानगी?" याचा अर्थ कोणीतरी विचारलं, एवढाच. मसुद्यात "नगर परिषदेची परवानगी घेऊन काम करण्यात येईल" असं गोड वाक्य लिहिलंत, तर सभेने न घातलेली अट तुम्ही घातलीत, आणि उद्या ती संस्थेवर बंधनकारक म्हणून दाखवली जाईल.

"भडकले" हा शब्द मसुद्यात येणार नाही हे सगळ्यांनाच कळतं. पण त्याच्या जागी काही मंडळी विरोधच गाळून टाकतात, तो गाळू नका. राग वगळायचा, हरकत ठेवायची.

हे सगळं पाहून चर्चेचा परिच्छेद असा होतो:

"इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकांमध्ये मागील दोन पावसाळ्यांत गळती होत असल्याची बाब सभेपुढे मांडण्यात आली. गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्यासाठी आलेली तीन दरपत्रके सभेपुढे ठेवण्यात आली. सदनिका बी-४ च्या सभासदांनी हा खर्च जास्त असल्याची हरकत घेतली व प्रथम रासायनिक जलरोधक प्रक्रिया करावी, असे सुचवले. शेडसाठी नगर परिषदेची परवानगी लागते किंवा कसे, अशी विचारणा सभेत झाली. त्यानंतर ठराव मतास टाकण्यात आला."

आणि त्याखाली, वेगळा:

"ठराव क्र. ४: संस्थेच्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्याच्या कामासाठी आलेल्या तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी, रु. ६,४०,००० (अक्षरी रुपये सहा लाख चाळीस हजार फक्त) रकमेचे दरपत्रक स्वीकारण्यात येत आहे. या कामासाठी प्रत्येक सदनिकेमागे रु. २०,००० (अक्षरी रुपये वीस हजार फक्त) प्रमाणे सर्व ३२ सदनिकांकडून दिवाळीपूर्वी वर्गणी जमा करण्यात यावी. सूचक: सदनिका ए-७. अनुमोदक: सदनिका सी-२. बाजूने १८, विरोधात ३. ठराव बहुमताने मंजूर."

प्रत्यक्ष मसुद्यात सदनिकांच्या जागी सूचक-अनुमोदकांची पूर्ण नावं, आणि दरपत्रकाची तारीख व ठेकेदाराचं नाव घाला. "सर्वानुमते" हा शब्द हात सवयीने लिहितो. एकही मत विरोधात असेल तर तो चालत नाही.

ठराव परिच्छेदात मिसळू नका, हे कळकळीने सांगतो. सलग मजकूर हवा म्हटल्यावर पुष्कळ जण चर्चा आणि ठराव एकाच प्रवाहात लिहितात आणि शेवटी "वरीलप्रमाणे सदर काम मंजूर" असं म्हणतात. पण बँकेला किंवा ठेकेदाराला इतिवृत्त जात नाही, जाते ती फक्त ठरावाची प्रमाणित प्रत. त्या कागदावर "वर" काहीच नसतं. कोणतं काम, किती रक्कम, कोणाकडून, हे ठरावातच वाचता आलं पाहिजे. ठराव एकट्याने उभा राहतो का, हे तपासायला चर्चेचा परिच्छेद हाताने झाकून वाचा.

"दिवाळीआधी" मुद्दाम तसंच ठेवलंय. २०२५ साली वसुबारस १७ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ला. वर्गणीची मुदत यातली कोणती, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. मसुद्यासोबत वेगळ्या चिठ्ठीवर समितीला विचारा. वर्गणीच्या मागणीपत्रात तारीख समिती घालेल. मसुद्यात मनाने तारीख घातली, तर अठरा तारखेला पैसे भरणारा सभासद थकबाकीदार ठरवला जातो.

आता मुदती, ज्या बहुतेक जण चुकीच्या वाचतात. मसुदा सभासदांना पाठवायचे पंधरा दिवस हे सभेपासून मोजायचे नसतात. आदर्श उपविधींप्रमाणे समितीने सभेच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत आपल्या बैठकीत मसुदा ठरवायचा, आणि त्या बैठकीपासून पंधरा दिवसांत तो सर्व सभासदांना पाठवायचा. पाठवल्यापासून सभासदांना अभिप्राय कळवायला आणखी पंधरा दिवस. नमुन्यातल्या सभेसाठी तीन महिन्यांची मर्यादा १४ डिसेंबर. समिती ५ ऑक्टोबरला बसली, तर मसुदा २० ऑक्टोबरपर्यंत निघायला हवा; २० ला पाठवला, तर अभिप्राय ४ नोव्हेंबरपर्यंत. पुढच्या समिती बैठकीत अभिप्राय विचारात घेऊन इतिवृत्त अंतिम होतं आणि मगच ते इतिवृत्त पुस्तकात चढतं. तुमच्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत उघडून हेच शब्द तिथे आहेत ना, एवढं पाहा.

बंद घराच्या दाराखालून सरकवलेला मसुदा पाठवला असं धरू नका. तो तिथेच दमट होऊन पुढच्या मे महिन्यात सापडतो आणि मग "आम्हाला मिळालंच नाही" हे भांडण खरं असतं. मुंबईच्या पत्त्यावर टपालाने किंवा सभासदाने दिलेल्या ईमेलवर पाठवा आणि पाठवल्याची तारीख जावक नोंदवहीत लिहा. सोबतच्या पत्रात अभिप्रायाची शेवटची तारीख आकड्यात द्या, आणि अभिप्राय नोंद चुकीची असेल तर तेवढ्यापुरताच मागितला आहे, हेही स्पष्ट लिहा. नाहीतर शेड नकोच होती, अशी चार पानी पत्रं येतात. ती समितीपुढे ठेवायची, पण सभेने मंजूर केलेला ठराव अशा पत्रामुळे मसुद्यातून बदलत नाही. त्याला पुन्हा सर्वसाधारण सभाच लागते.

इतिवृत्त अंतिम होईपर्यंत मूळ टिपणं फाडू नका. बी-४ चे सभासद त्यांची हरकत अपुरी लिहिली म्हणून कळवतील, तेव्हा समितीला पडताळायला तेवढाच कागद असतो.