फोटोतल्या विहिरीची दोन वर्तुळं: काठाचं आणि पाण्याचं

गोल विहिरीचा वरून काढलेला फोटो पाहिला, की दोन वर्तुळं डोळ्यांत भरतात. बाहेरचं मोठं वर्तुळ काठाचं आणि आतलं लहान पाण्याचं. पाणी किती आहे हे काढायचं तर पाण्याच्या पातळीवरचा व्यास हवा. गोंधळ इथेच होतो. कुणी काठाचाच व्यास धरून मोकळा होतो, तर कुणी फोटोवर पट्टी ठेवून आतलं वर्तुळ बाहेरच्याच्या प्रमाणात मोजतो. या दोन चुका एकमेकींच्या उलट दिशेने जातात आणि दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी मोठी असते.

हिशोब तसा साधा आहे. व्यास आणि पाण्याची उंची मीटरमध्ये घ्या. व्यास × व्यास × ०.७८५ × पाण्याची उंची केलं की घनमीटर मिळतात. त्याला १००० ने गुणलं की लिटर. व्यास इथे दोनदा गुणला जातो, त्यामुळे तो निम्मा धरला तर पाणी पाव होतं. उंचीत झालेली चूक तेवढ्यास तेवढी राहते, व्यासातली मात्र फुगते.

एक उदाहरण घेऊ. काठाचा आतला व्यास टेपने मोजून ३ मीटर आला. (फोटोतही आतलीच कड धरायची, कठड्याची जाडी नाही.) भिंतीवर काठापासून खाली मीटरच्या खुणा रंगवलेल्या आहेत. पाणी ५ च्या खुणेला लागलंय आणि बांधकामाच्या नोंदीप्रमाणे तळ ९ मीटरवर आहे, म्हणजे पाण्याची उंची ४ मीटर. फोन बांबूला बांधून काठाच्या २.५ मीटर वर धरून फोटो काढला. फोटोत काठाचं वर्तुळ ३६०० पिक्सेल रुंद भरलं आणि पाण्याचं १००० पिक्सेल.

सरळ प्रमाण लावलं तर पाण्याचा व्यास ०.८३ मीटर येतो आणि पाणी जेमतेम २,२०० लिटर. काठाचाच ३ मीटर धरला तर २८,३०० लिटर. दोन्ही आकडे चुकीचे आहेत.

काठ कॅमेऱ्यापासून २.५ मीटरवर आहे, पाणी मात्र २.५ + ५ म्हणजे ७.५ मीटरवर. तिप्पट लांबची वस्तू फोटोत तिप्पट लहान दिसते. म्हणून ०.८३ ला ३ ने गुणायचं. खरा व्यास येतो २.५ मीटर आणि पाणी सुमारे १९,६०० लिटर. ही विहीर खाली अर्धा मीटर अरुंद झाली आहे. ती काठाइतकीच रुंद राहिली असती, तर पाण्याचं वर्तुळ ३६०० च्या तिसऱ्या हिश्श्याचं, म्हणजे १२०० पिक्सेलचं दिसलं असतं. फोटोत आतलं वर्तुळ लहान दिसणारच, प्रश्न एवढाच की ते अंतरामुळे जेवढं लहान दिसायला हवं त्याहून लहान आहे का.

या रीतीचा कच्चा दुवा म्हणजे कॅमेऱ्याची उंची. वरच्याच फोटोत ती २.५ ऐवजी २.३ मीटर धरली, तर व्यास २.६४ येतो आणि पाणी १२ टक्क्यांनी वाढतं. फक्त २० सेंटिमीटरचा हा फरक आहे, आणि बांबू वाकला तर तेवढा सहज पडतो. उंची मोजायची ती काठापासून फोनच्या भिंगापर्यंत, बांबूच्या टोकापर्यंत नाही.

उंचीचा हा घोळच नको असेल तर एक मीटरची हलकी लाकडी पट्टी दोरीला बांधून पाण्यावर तरंगत सोडा आणि मग फोटो काढा. पट्टी आणि पाण्याचं वर्तुळ कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे गुणाकाराची गरजच उरत नाही. आपल्या फोटोत ती ४०० पिक्सेल दिसेल, आणि १००० भागिले ४०० म्हणजे २.५ मीटर. ज्याला आकडा खात्रीचा हवा त्याने हीच रीत वापरावी. पट्टी आडवी तरंगते आहे ना, एवढं मात्र बघा. एक टोक दोरीने उचललं गेलं असेल तर ती आखूड दिसते आणि विहीर आहे त्याहून रुंद निघते.

कॅमेरा विहिरीच्या बरोबर मध्यावर नसला तरी फार बिघडत नाही. फोन समतल असेल तर पाण्याचं वर्तुळ एका बाजूला सरकलेलं दिसतं, पण गोलच राहतं आणि त्याचं माप चालतं. फोन कलला की वर्तुळं लंबगोल होतात. अशा फोटोवरून माप घेऊ नका, फोन समतल धरून पुन्हा काढा. काठाबाहेर उभं राहून तिरका काढलेला फोटोही टाकून द्यावा. त्यात अलीकडच्या काठाआड पाण्याची कडच लपते. जास्त रुंद दृश्य घेणारी भिंगंही टाळा. त्यांत फोटोच्या कडेचं माप बिघडू शकतं, आणि काठ नेमका कडेला असतो तर पाणी मधोमध.

आता खुणांकडे. काठापासून मोजलेल्या खुणा खाली जाताना वाढतात, तळापासून मोजलेल्या वर जाताना. वाचता येतील असे दोन आकडे शोधले की कोणती पद्धत आहे ते कळतं. पहिल्या पद्धतीत ५ म्हणजे पाण्यापर्यंतचं अंतर, ते तळाच्या खोलीतून वजा करावं लागतं. दुसऱ्या पद्धतीत ५ म्हणजे थेट पाण्याची उंची. शिवाय शून्य कठड्याच्या माथ्यावर आहे की जमिनीच्या पातळीवर, हेही बघा. कठडा ८० सेंटिमीटर उंच असेल तर तेवढाच फरक थेट पाण्याच्या उंचीत येतो. वरच्या हिशोबात कॅमेऱ्याची उंची, काठाचा व्यास आणि खुणांचं शून्य या तिन्ही गोष्टी एकाच पातळीवरून धरल्या आहेत.

पाणी संथ असेल तर खुणांचं उलटं प्रतिबिंब दिसतं. खूण आणि तिचं प्रतिबिंब जिथे भेटतात ती पाण्याची रेघ. पाणी नितळ असेल तर बुडालेल्या खुणाही दिसतात, पण त्या असतात त्याहून वर आल्यासारख्या भासतात. त्यांच्यावरून उंची ठरवू नका.

पाण्याखाली विहीर कशी आहे ते फोटो सांगत नाही. काठ आणि पाणी यांच्यामध्ये भिंतीवर स्पष्ट कडं दिसत असेल तर विहीर टप्प्याने अरुंद झाली आहे. खाली दुसरा टप्पा नसेल तर १९,६०० लिटर धरायला हरकत नाही. कडं नसेल आणि भिंत एकसारखी आत झुकत असेल, तर ५ मीटरमागे अर्धा मीटर या हिशोबाने तळाचा व्यास २.१ मीटरवर येतो. मग पाणी १६,७०० लिटरच्या आसपास भरतं.

तळाचा ९ हा आकडा बांधकामाच्या वेळचा आहे. त्यावर गाळ साचला असेल तर टप्प्याच्या विहिरीत दर १० सेंटिमीटर गाळामागे सुमारे ४९० लिटर वजा करावे लागतात. गाळ किती आहे ते फोटोत दिसणार नाही. त्यासाठी पसरट वजन बांधलेला दोर सोडावा आणि तो सैल पडताच काठाजवळ गाठ मारून लांबी मोजावी. टोकदार वजन गाळात रुतून जुना तळच दाखवतं.