थेंबही झाले, इंजेक्शनही झालं. मग रविवारी पुन्हा थेंब कशाला?

आमच्या लसीकरण केंद्रात येणाऱ्या पालकांसाठी

पल्स पोलिओचा रविवार जवळ आला की आमच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो. "कार्ड पूर्ण भरलंय, पैसे मोजून सहा-इन-वनची इंजेक्शनं घेतलीत, मग आता बूथवर न्यायची काय गरज?" काही पालक निदान विचारतात तरी. काही विचारतही नाहीत आणि नेतही नाहीत. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एका कार्डापासूनच सुरुवात करू. असं कार्ड आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. मूल अडीच वर्षांचं. जन्मल्यावर नर्सिंग होममध्ये तोंडात दोन थेंब दिले, त्याला झिरो डोस म्हणतात. पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मांडीत सहा-इन-वन आणि दीड वर्षाला त्याचाच बूस्टर. सहा-इन-वनमध्ये पोलिओची इंजेक्शनवाली लस असतेच, त्यामुळे पोलिओचे रकाने भरलेले. बूथवर मात्र हे मूल कधीच गेलेलं नाही.

या मुलाला पोलिओने लुळेपणा येण्याची भीती जवळजवळ नाही. तेवढं काम इंजेक्शन चोख करतं. पण त्याच्या आतड्याने लसीचा विषाणू आयुष्यात एकदाच पाहिला आहे, तोही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत. त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असतात आणि तो डोस प्रत्येक बाळात लागू पडतोच असं नाही.

आतड्याचं एवढं कौतुक कशाला, तर पोलिओ हा मुळात आतड्याचा विषाणू आहे. तो तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि कित्येक आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो. साधारण 200 जणांना लागण झाली तर एखाद्याच्याच मज्जासंस्थेपर्यंत तो पोचतो आणि पाय लुळा पडतो. बाकीचे धडधाकट दिसतात, पण विषाणू पसरवत असतात.

इंजेक्शनमध्ये मारलेला विषाणू असतो. त्यामुळे रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि ती विषाणूला मज्जातंतूंपर्यंत जाऊ देत नाहीत. थेंबांमध्ये जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. तो खऱ्या विषाणूच्याच वाटेने जातो, आतड्यात वाढतो आणि तिथल्या अस्तरालाच बचाव शिकवतो. पुढे खरा विषाणू पोटात आला तर त्याला तिथे नीट मूळ धरता येत नाही. इंजेक्शन मुलाला वाचवतं, थेंब मुलाला वाचवतात आणि शेजारच्या मुलांनाही.

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो ते 2013 साली इस्रायलमध्ये कळलं. तिथे 2005 पासून फक्त इंजेक्शन देत होते आणि बहुतेक सगळ्या मुलांचं लसीकरण पूर्ण होतं. तरीही दक्षिणेकडच्या राहत शहराच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ विषाणू, प्रकार 1, सापडला. त्याची जनुकीय ठेवण पाकिस्तानातल्या विषाणूशी जुळत होती. विषाणू काही महिने फिरत राहिला, पण एकाही मुलाला लुळेपणा आला नाही, कारण इंजेक्शनं झालेली होती. पण तो थांबतही नव्हता. इंजेक्शन झालेल्या मुलांच्या आतड्यात तो मजेत वाढत होता आणि संडासातून गटारात जात होता. शेवटी त्या वर्षी ऑगस्टमध्ये, कार्ड पूर्ण असलेल्या मुलांनासुद्धा नऊ वर्षांपर्यंत दोन-दोन थेंब पाजले. "आधीचे डोस झालेत ना?" हा प्रश्न तिथल्या आयांनीही नक्कीच विचारला असेल.

आता उलट बाजू. ज्यांना थेंबच थेंब मिळाले, त्यांना आणखी थेंब का? यासाठी आपल्याच देशातलं उदाहरण आहे. देशात पोलिओ होता तेव्हा पश्चिम उत्तर प्रदेशात दहा-दहा डोस घेतलेल्या मुलांनाही पोलिओ झाल्याचं आढळत होतं. लस बोगस होती असं नाही. तेव्हाच्या थेंबांत पोलिओचे तिन्ही प्रकार एकत्र असायचे आणि ते आतड्यात जागेसाठी एकमेकांच्या आड यायचे. त्यात दाट वस्ती, उघडी गटारं, सततचे जुलाब आणि पोटात आधीच ठाण मांडून बसलेले दुसरे विषाणू. त्यामुळे तिथे एका डोसने शंभरातल्या जेमतेम दहा मुलांनाच संरक्षण मिळत होतं.

हे गणित करून बघा. एका डोसनंतर शंभरातली 90 मुलं उघडी. दुसऱ्या डोसने त्या 90 पैकी 9 सुरक्षित झाली, उरली 81. असं करत दहा डोस झाले तरी साधारण 35 मुलं उघडीच राहतात. अकरावा डोस त्या पस्तिसांसाठी असतो. आणि आपलं मूल त्या पस्तिसांत आहे की पासष्टांत, हे बाहेरून बघून ना आई सांगू शकते, ना डॉक्टर. म्हणून सगळ्यांनाच द्यावा लागतो. ज्याला आधीच लागू पडलंय त्याला जास्तीच्या दोन थेंबांनी काही होत नाही.

आपल्याकडे शहरी, सुखवस्तू घरांत एकेक डोस याहून बराच चांगला लागू पडतो, हे खरं. पण आतड्यातला बचाव रक्तातल्या बचावाइतका टिकत नाही, काही महिन्यांत ओसरायला लागतो. शिवाय मोहिमेत सगळ्यांना एकाच वेळी थेंब देण्यामागे कारण आहे. गावातल्या सगळ्या मुलांची आतडी एकदमच बंद झाली, तर विषाणूला एका मुलातून दुसऱ्यात जायला जागा उरत नाही. तुमच्या सोयीने पुढच्या महिन्यात पाजले तर मुलाला उपयोग होतो, पण हा परिणाम साधत नाही.

"मग इंजेक्शन सोडूनच देऊ, थेंबच बरे" असं म्हणणारेही भेटतात. तेही चालत नाही. 25 एप्रिल 2016 पासून आपल्याकडच्या थेंबांत प्रकार 2 नसतो, फक्त 1 आणि 3 असतात. जंगली प्रकार 2 जगातून संपला. थेंबांतला कमजोर प्रकार 2 मात्र लसीकरण कमी असलेल्या वस्तीत फिरत राहिला की क्वचित बदलून पुन्हा तापदायक होत होता. म्हणून तो काढला. आता प्रकार 2 पासून संरक्षण फक्त इंजेक्शनमधून मिळतं, त्यात तिन्ही प्रकार असतात. जिवंत लसीमुळे एखाद्या मुलाला लुळेपणा येण्याची शक्यताही शून्य नाही. साधारण 27 लाख पहिल्या डोसांमागे एक, इतकी ती कमी आहे, आणि इंजेक्शन झालं असेल तर आणखी कमी होते.

दोन्ही एकमेकांना पूरक आहेत याचा सर्वांत छान पुरावा वेल्लोरहून आला. आधी थेंब घेतलेल्या 1 ते 4 वर्षांच्या मुलांना तिथे एक इंजेक्शन दिलं, तर त्यांच्या आतड्यातला बचावही वाढला. थेंबांनी शिकवलेलं इंजेक्शन ताजं करतं. थेंब जवळजवळ न घेतलेल्या आतड्यात मात्र इंजेक्शनला ताजं करायला फारसं काही नसतं. वर सांगितलेलं अडीच वर्षांचं मूल आठवा.

सरकारी केंद्रात लस घेणाऱ्यांचा एक घोळ नेहमी होतो. "पेंटा झालंय, म्हणजे पोलिओचं इंजेक्शन झालं." नाही. सरकारी पेंटामध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब असतं, पोलिओ नसतो. सरकारी पोलिओ इंजेक्शन वेगळं असतं आणि अगदी छोटं, 0.1 मिली, दंडाच्या कातडीत देतात. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात उजव्या दंडावर, नऊ महिन्यांनंतर डाव्या. नीट दिलं गेलं तर तिथे लगेच मसुरीएवढा फुगीर ठिपका येतो आणि थोड्या वेळात बसतो. आमच्याकडे मांडीत मिळतं ते पूर्ण 0.5 मिली. कातडीतला छोटा डोस म्हणजे कमअस्सल नव्हे. जगभर लसीचा तुटवडा होता तेव्हा असे दोन छोटे डोस एका पूर्ण डोसपेक्षा चांगले ठरले. खासगी पेंटाच्या काही ब्रँडमध्ये मात्र पोलिओ असतो, म्हणून कार्डावर ब्रँडचं नाव लिहायला लावा.

बूथवर गेलात की बाटली जरूर बघा, कुणी रागावत नाही. बाटलीवर एक गोल असतो आणि त्याच्या आत छोटा चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. चौकोन गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती उष्णता लागून निकामी झाली; दुसरी बाटली मागा. थेंबांची लस उष्णतेला फार नाजूक असते. इंजेक्शनची लस याउलट गोठली की वाया जाते, म्हणून आमच्या फ्रिजमध्ये ती 2 ते 8 अंशांतच ठेवतो आणि बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

थेंब दोनच. पाजल्यावर डाव्या करंगळीवर शाई लागते. लगेच उलटी झाली तर तिथेच पुन्हा पाजून घ्या. सर्दी, थोडा ताप, सौम्य जुलाब असले तरी थेंब चालतात, अंगावर पाजणंही थांबवायचं नाही. बूथवरचे थेंब कार्डावरच्या नेहमीच्या डोसांत मात्र धरायचे नाहीत. कार्डावर दहाव्या आठवड्याचा डोस राहिला असेल तर तो राहिलेलाच. मुलाची किंवा घरातल्या कुणाची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने खूप कमी झाली असेल तर आधी आम्हाला सांगा. तिथे जिवंत लस नको, इंजेक्शनच.

"भारतात पोलिओ संपला ना?" हेही विचारलं जातं. शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याला सापडला, आणि 2014 मध्ये आपल्याला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळालं. मुंबईच्या गटारात मात्र हावड्याच्या त्या रुग्णाच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर 2010 मध्ये विषाणू सापडला होता. त्या वेळी मुंबईत कुणाचाही पाय लुळा पडलेला नव्हता. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो आजही आहे, आणि इस्रायलमधल्या राहतला तो पोचलाच होता.

शेवटी, नोकरीनिमित्त अमेरिकेला जाणाऱ्या कुटुंबांसाठी. तिथे 1 एप्रिल 2016 नंतर दिलेले थेंब शाळाप्रवेशाच्या हिशेबात धरत नाहीत, कारण त्यात प्रकार 2 नाही. कार्डावर थेंबांच्या नोंदी भरपूर आणि इंजेक्शनच्या दोनच असतील, तर तिथे पहिल्याच आठवड्यात मुलाला पुन्हा टोचून घ्यावं लागतं. व्हिसाची तारीख कळली की कार्ड घेऊन आमच्याकडे या. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे अंतर लागतं, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात आलात तर आमच्या हातात फारसं काही राहत नाही.