ग्रेडियंट उलटवणे आणि लॉसला उणे चिन्ह लावणे: दोन्ही एक नव्हेत

एका कॅमेऱ्याच्या फोटोंवर मॉडेल शिकवायचे आणि ते दुसऱ्याच कॅमेऱ्याच्या फोटोंवर वापरायचे, अशी वेळ आली की ग्रेडियंट रिव्हर्सल लेयरचे नाव लगेच पुढे येते. पण ती लेयर लिहिण्याऐवजी बरेच जण एकूण लॉसमध्ये डोमेनच्या, म्हणजे कॅमेरा ओळखण्याच्या, लॉसपुढे उणे चिन्ह लावतात आणि गणित तेच आहे असे गृहीत धरतात. ते तेच नाही. हा गैरसमज इतक्या वेळा पाहण्यात येतो की एकदा तो आकड्यांनिशी मांडणे आवश्यक वाटते.

नेहमीचे प्रशिक्षण वाचकाला माहीत आहे असे धरतो. गानिन आणि लेम्पित्स्की यांनी 2015 मध्ये मांडलेल्या रचनेत त्यात एकच भर पडते. फोटोतून फीचर काढणाऱ्या भागापुढे वस्तू ओळखणारा भाग असतोच. त्याच्या जोडीला फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा आहे हे ओळखणारा दुसरा छोटा भाग बसवतात. वस्तूंची लेबले फक्त पहिल्या कॅमेऱ्याच्या फोटोंना लागतात, कॅमेऱ्याचे लेबल मात्र सगळ्यांना फुकट मिळते. उदाहरणासाठी ऑफिस-31 हा संच घेऊ. त्यात कार्यालयातील 31 प्रकारच्या वस्तूंचे फोटो आहेत. काही डीएसएलआरने काढलेले, काही 640×480 च्या वेबकॅमने. वेबकॅमच्या फोटोंत नॉइज आहे आणि रंगही बदललेले आहेत. कॉफीच्या मगाचा फोटो असेल तर फीचरमध्ये मगाची ओळख उरावी आणि कॅमेऱ्याचा ठसा उरू नये, एवढीच अपेक्षा आहे.

उलटवणारी लेयर फीचर आणि कॅमेरा ओळखणारा भाग यांच्या मध्ये बसते. पुढे जाताना ती काहीच करत नाही; मागे येताना ग्रेडियंटला −λ ने गुणते.

```python
class GRL(torch.autograd.Function):
    @staticmethod
    def forward(ctx, x, lam):
        ctx.lam = lam
        return x.view_as(x)

    @staticmethod
    def backward(ctx, g):
        return -ctx.lam * g, None

loss = ce(C(f_src), y) + bce(D(GRL.apply(f_all, lam)), d)
```

शेवटच्या ओळीतील अधिक चिन्हाकडे नीट पाहावे. कॅमेरा ओळखणारा भाग `D` इथे प्रामाणिकपणे आपला लॉस कमी करतो, म्हणजे कॅमेरा अधिकाधिक अचूक ओळखायला शिकतो. उलटा ग्रेडियंट मिळतो तो फक्त लेयरच्या मागे असलेल्या फीचर काढणाऱ्या भागाला. दोघांची हिते परस्परविरोधी आहेत, आणि सारी पद्धत या विरोधावरच उभी आहे.

आता लेयर काढून `ce(...) - lam * bce(...)` असे लिहिले तर काय होते? फीचर काढणाऱ्या भागाला मिळणारे चिन्ह तेच राहते, म्हणून फसगत होते. पण `D` चेही चिन्ह उलटते. विरोध संपतो आणि दोघेही मिळून कॅमेऱ्याचा लॉस वाढवू लागतात.

याचा परिणाम एका छोट्या हिशेबात दिसतो. फीचर म्हणजे एकच संख्या `f` समजा: वेबकॅमच्या फोटोची +1, डीएसएलआरच्या फोटोची −1. `D` कडे एकच वेट `w` आहे, सुरुवातीला 0.5, आणि `w*f` धन असेल तर फोटो वेबकॅमचा असे त्याचे उत्तर आहे. पायरीची लांबी 1 धरू आणि सोयीसाठी `f` थेट हलवू. पहिल्या पायरीत दोन्ही पद्धतींत वेबकॅमचे `f` 1 वरून 0.81 वर येते, म्हणजे दोन कॅमेरे जवळ सरकतात. मात्र लेयर असेल तर `w` 0.88 होते, आणि उणे चिन्ह असेल तर 0.12. पुढच्या पायरीत उणे चिन्हाच्या पद्धतीत `f` 0.75 होते खरे, पण `w` शून्य ओलांडून −0.26 वर जाते. इथून `D` वेबकॅमला डीएसएलआर म्हणू लागतो. त्याचे चुकीचे उत्तर अधिक ठाम करायचे तर `f` मोठे असणे सोयीचे, म्हणून तिसऱ्या पायरीत `f` 0.90 होते आणि त्यानंतर वाढतच राहते. डीएसएलआरचे `f` तितकेच उलट दिशेला जाते. जी दरी बुजवायची होती ती रुंद होत जाते आणि कॅमेऱ्याचा लॉस मात्र सतत वाढत असल्याने सारे काही योजनेप्रमाणे चालल्यासारखे दिसते.

हा घोटाळा ओळखण्याची खूण आहे. प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही कॅमेऱ्यांचे निम्मे निम्मे फोटो घेतले, तर निव्वळ अंदाजाने उत्तर देणाऱ्या `D` चा लॉस ln 2, म्हणजे सुमारे 0.693 येतो. योग्य रचनेत प्रशिक्षण पुढे गेल्यावर तो त्याच्या आसपास किंवा त्याखाली रेंगाळतो. तो 2, 5, 20 असा चढत गेला आणि `D` ची अचूकता 50 टक्क्यांच्या बरीच खाली गेली, तर चिन्ह चुकले असे खुशाल समजावे. दहा टक्के अचूकता म्हणजे कॅमेरा ओळखता येत नाही असे नव्हे. तो उत्तम ओळखता येतो आणि उत्तर तेवढे उलटे दिले जाते.

अचूकता 50 टक्क्यांवर स्थिरावली एवढ्यानेही माझे समाधान होत नाही. `D` दुबळा असला किंवा नीट शिकलाच नाही तरी हाच आकडा येतो. फीचर गोठवून त्यांवर कॅमेरा ओळखणारा नवा भाग शून्यापासून शिकवावा आणि बाजूला ठेवलेल्या फोटोंवर तपासावा. त्यालाही 50 च्या जवळपासच मिळाले, तरच कॅमेऱ्याचा ठसा पुसला गेला असे म्हणता येते. ही तपासणी न करता दिलेल्या निष्कर्षांवर मी विश्वास ठेवत नाही.

इतर फरक किरकोळ आहेत. लेयर वापरली की λ फक्त मागे जाणाऱ्या ग्रेडियंटला लागतो, `D` पूर्ण वेगाने शिकतो. मूळ लेखात λ शून्यापासून हळूहळू 1 कडे नेला आहे. लेयर आणि उणे चिन्ह दोन्ही एकदम लावले तर भूमिकांची अदलाबदल होते, म्हणजे तेही चूकच. दोन वेगळे ऑप्टिमायझर आळीपाळीने चालवणे मात्र योग्य आहे, पण एका लेयरने काम होत असताना मला तो खटाटोप नको वाटतो.

आपला कोड ऑफिस-31 मधील डीएसएलआर ते वेबकॅम या जोडीवर पारखू नये, असा माझा आग्रह आहे. तिथे काहीही न करता 96.1 टक्के अचूकता मिळते आणि या पद्धतीने ती 96.4 होते, त्यामुळे चूक सहज झाकली जाते. याच संचातील ॲमेझॉनवरील विक्रीच्या फोटोंवरून वेबकॅमकडे जाताना हेच आकडे 64.2 आणि 73.0 आहेत, फरक पडतो की नाही ते तिथे कळते.

चिन्ह बरोबर असूनही ही पद्धत एका ठिकाणी फसते. प्रशिक्षणाच्या फोटोंत कॉफीचे मग दहात एक आणि वेबकॅमच्या फोटोंत दहात सहा असतील, तर दोन्ही कॅमेऱ्यांची फीचर एकमेकांवर बसवण्यासाठी वेबकॅमचे काही मग दुसऱ्याच वस्तूंच्या जागी ढकलावे लागतात. नव्या तपासणीतही 50 टक्केच येतात, म्हणून तिच्यातून हे दिसत नाही. त्यासाठी वेबकॅमच्या थोड्या फोटोंना हाताने लेबल लावून प्रत्येक वस्तूची अचूकता वेगवेगळी पाहावी. मगांची अचूकता λ वाढवल्यावर घसरत असेल, तर λ कमी करावा किंवा आधी बॅचमधील वस्तूंचे प्रमाण अंदाजे जुळवून घ्यावे.