भोक दिसतं तेव्हा किडा निघून गेलेला असतो

जुलैचा पाऊस लागला की नाशिकच्या घराघरांत वर्षाच्या धान्याची पिंपं उघडली जातात आणि व्हॉट्सॲपवर मूठभर दाण्यांचे फोटो फिरू लागतात. गहू निफाडकडचा असो की तांदूळ इगतपुरीचा इंद्रायणी, प्रश्न एकच असतो : कीड लागली का? फोटोवरून बरंच सांगता येतं, पण फोटो नेमकं काय दाखवतो ते आधी कळायला हवं.

गव्हाच्या दाण्यातलं गोल भोक बहुतेक वेळा सोंड्याचं असतं, आणि ते आत शिरायचं नव्हे, बाहेर पडायचं दार असतं. मादी सोंडेनं दाण्यात बारीक खळगा कोरते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट स्रावानं तो बुजवते. ही लिंपणी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मग फोटोत कुठून दिसणार? अळी आतल्या आत दाणा खाते, तिथेच कोष करते आणि पावसाळी उबेत साधारण महिना-सव्वा महिन्यानं भुंगा दाणा फोडून बाहेर येतो. तेव्हा कुठे आपल्याला मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं भोक दिसतं.

समजा, तुम्ही शंभर दाणे पसरले आणि चारांना भोकं सापडली. याचा अर्थ चार टक्के गहू किडला असा नव्हे. चार किडे बाहेर पडलेत एवढंच कळलं; उरलेल्या शहाण्णवांपैकी किती दाण्यांत अळ्या आहेत, याबद्दल फोटो गप्प आहे. म्हणून ते शहाण्णव दाणे पाण्यात टाकून ढवळा. पोकळ झालेले दाणे वर तरंगतात. काही पोचटही तरंगतील, त्यामुळे दोन-चार दाणे ब्लेडनं उभे चिरून बघा. आत पांढरी, बिनपायांची, वाकडी अळी सापडली तर शंका उरत नाही. उरलेला गहू चाळायला घ्या. दाण्यांखाली पिठाचा ढीग जास्त आणि भोकं वेडीवाकडी असतील, तर दाणे पोखरणारा भुंगेरा असण्याची शक्यता अधिक. तो सोंड्यापेक्षा कितीतरी जास्त पीठ पाडतो.

हे सगळं दिसावं इतका तरी फोटो जवळून हवा. पाठवताना फोटो लहान होतो. तो १६०० पिक्सेल रुंद उरला आणि त्यात पोत्याचं ४० सेंटिमीटर तोंड असेल, तर एका मिलिमीटरला चारच पिक्सेल मिळतात, म्हणजे भोक पाच-सहा ठिपक्यांचा डाग होतं. काळ्या कागदावर दाण्यांचा एकच थर पसरून १० सेंटिमीटरचाच भाग टिपा. तेच भोक वीस पिक्सेलच्या आसपास जातं. शेजारी मोजपट्टी ठेवा. फ्लॅश बंद ठेवून उजेड खिडकीतून आडवा येऊ द्या, कारण भोक सावलीमुळे ओळखू येतं आणि समोरून पडलेला उजेड ती सावलीच खाऊन टाकतो.

बुरशीच्या बाबतीत फोटो जास्त फसवतो. आपल्याकडे तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत आहे, आणि ती फोटोत हुबेहूब पांढऱ्या बुरशीसारखी दिसते. फरक असा, की पावडर सगळ्या दाण्यांवर सारखी बसते, बुरशी मात्र ठिकठिकाणी, आणि गव्हात बहुधा कोंबाच्या टोकाकडून सुरू होते; तिच्यात राखाडी-हिरवट छटा असते. पिवळ्या बल्बखाली ही छटा गायब होते. गव्हाचं नुसतं कोंबाकडचं टोक काळं असेल तर लगेच साठवणीला दोष देऊ नका, तो रोग बरेचदा शेतातूनच येतो.

आता गुठळ्या. त्या दोन तऱ्हांच्या असतात. तांदळावरच्या पतंगाच्या अळ्या रेशमासारखे धागे काढून दाणे गुंफतात. अशी गुठळी उचलली की दाणे धाग्यावर लोंबतात. ओलीची गुठळी ढेकळासारखी असते, दाबली की फुटते. ती पिंपात कुठे आहे त्याचाही फोटो काढा. तळाशी किंवा भिंतीकडच्या बाजूला असेल तर ओल बाहेरून आली. वरच्याच थराला पापुद्रा धरला असेल, तर बहुधा मे महिन्यात तापलेलं धान्य गरम असतानाच पिंपात भरलं गेलं; पुढे पावसात पिंप गार पडलं आणि आतली वाफ झाकणाखाली येऊन दाण्यांवर पाणी झाली. अशा वेळी तळातला गहू कोरडा आणि चांगलाही असू शकतो.

किती कोरडा, ते मात्र फोटोत कळत नाही. साठवायच्या गव्हात १२ टक्क्यांच्या आत ओलावा हवा आणि तो मोजायला ओलावामापक लागतो. बुरशीचं विषही कॅमेऱ्याला दिसत नाही. अफ्लाटॉक्सिन रोजच्या शिजवण्या-भाजण्यात पुरतं नष्ट होत नाही, म्हणून हिरवट गुठळी धुऊन, वाळवून गिरणीत नेऊ नका. आजूबाजूच्या दाण्यांसकट ती फेकून द्या. गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका.